दोन तासांचं भाषण, एकही पूर्णविराम नाही: कच्चा ट्रान्स्क्रिप्ट वाचण्यासारखा कसा करायचा?

आजचा लेख माझ्याच चुकीवरून सुरू करतो, कारण ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते.

गेल्या वर्षी आपल्या छत्रपती संभाजीनगरात मी सव्वादोन तासांचं एक सेशन घेतलं होतं. विषय होता उधारी आणि वसुली. सेशन फोनवर रेकॉर्ड केलं आणि बोललेलं आपोआप टाइप करणाऱ्या सोयीतून त्याचा मजकूर काढला. साधारण चौदा-पंधरा हजार शब्द निघाले. सगळं एका दमात, ना पूर्णविराम, ना परिच्छेद. मी दुकानात होतो आणि सीझन चालू होता, म्हणून पुतण्याला म्हटलं, "जरा टिंबं-बिंबं टाक आणि पीडीएफ करून ग्रुपवर पाठव." त्याने दोन तासांत काम उरकलं. मी न वाचताच ग्रुपवर टाकलं.

तीन महिन्यांनी मसाल्याचा घरगुती उद्योग करणाऱ्या एका ताईंचा फोन आला. "सर, नव्वद दिवसांचं लिहून दिलं तर चालतं ना? तुमच्या नोट्समध्ये आहे. मी सही करून दिली. आता हॉटेलवाले म्हणतात की नव्वद दिवस झाल्याशिवाय फोन करू नका. इकडे मिरची भरायला पैसे नाहीत."

मी असं कधीच बोललो नव्हतो. उलटंच बोललो होतो. पण पीडीएफ उघडून पाहिली तर माझ्या नावाने तसंच छापलेलं होतं.

नेमकं काय बिघडलं?

कच्च्या मजकुरात तो भाग असा होता:

"माल दिला बिल दिलं आता पैसे कधी लेखी काही ठरलं नाही पंधरा दिवस लेखी ठरलं आहे पंचेचाळीस दिवस त्याच्या पुढे नाही नव्वद लिहून दिलं तरी चालतं कायद्यात बसतं हॉटेलवाला सांगतो आपण मान डोलावतो तसं नाही पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस"

पुतण्याने तो असा तोडला:

"माल दिला, बिल दिलं. आता पैसे कधी? लेखी काही ठरलं नाही. पंधरा दिवस लेखी ठरलं आहे. पंचेचाळीस दिवस त्याच्या पुढे नाही. नव्वद लिहून दिलं तरी चालतं. कायद्यात बसतं."

इथे त्याने परिच्छेद संपवला. "हॉटेलवाला सांगतो, आपण मान डोलावतो. तसं नाही..." हा भाग पुढच्या पानावर गेला. ताईंनी पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्यांची काहीच चूक नव्हती, समोर लिहिलेलं त्यांनी वाचलं.

आता रेकॉर्डिंग ऐकून लावलेली विरामचिन्हं बघा:

"माल दिला, बिल दिलं. आता पैसे कधी? लेखी काही ठरलं नाही: १५ दिवस. लेखी ठरलं आहे: ४५ दिवस, त्याच्या पुढे नाही. 'नव्वद लिहून दिलं तरी चालतं, कायद्यात बसतं,' हॉटेलवाला सांगतो, आपण मान डोलावतो. तसं नाही. ४५ म्हणजे ४५."

शब्द तेच आणि क्रमही तोच. एमएसएमईडी कायदा २००६ चं कलम १५ हेच सांगतं. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत, पण ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. हे संरक्षण माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला नाही. म्हणजे ताईंना ते लागू होतं, मला माझ्या दुकानासाठी नाही. एका अवतरणचिन्हाच्या जोडीने हॉटेलवाल्याचं वाक्य माझ्या तोंडी जायचं थांबलं असतं.

त्यानंतर ते सगळं भाषण मी स्वतः पुन्हा साफ केलं. ते करताना जी पद्धत बसली ती आता सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी परिच्छेद, मग वाक्यं, आणि आकडे सगळ्यात शेवटी, वेगळ्या फेरीत.

पहिली फेरी: परिच्छेद

सुरुवातीला कच्च्या मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. पुढे शंका आली की तिच्याकडेच यावं लागतं.

मग रेकॉर्डिंग लावा आणि फक्त ऐकत जा. विषय बदलला की एंटर मारा आणि तिथे रेकॉर्डिंगची वेळ लिहा, उदाहरणार्थ ४१:२०. या फेरीत स्वल्पविरामाच्या मागे लागू नका. वेळ लिहिल्याचा फायदा असा की नंतर एखादं वाक्य तपासायचं असेल तर सव्वादोन तास शोधत बसावं लागत नाही.

विषय बदलल्याचं कळतं कसं? आपण बोलताना खुणा देत असतो. "बरं", "आता दुसरा मुद्दा", "हे झालं उधारीचं", "तर मंडळी". माझी स्वतःची खूण म्हणजे मी पाणी पितो. रेकॉर्डिंगमध्ये बाटली ठेवल्याचा आवाज आला की नवीन मुद्दा असतोच.

पण "आता" आणि "तर" या शब्दांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. "आता पैसे कधी?" यात "आता" आहे, तरी विषय तोच चालू आहे. आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: कोणी तरी काही दावा केला आणि बोलणाऱ्याने तो खोडला, तर दावा आणि खोडणं एकाच परिच्छेदात राहिलं पाहिजे, परिच्छेद कितीही लांब होवो. आमचा घोटाळा इथेच झाला होता.

दुसरी फेरी: वाक्यं

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, असं आपण शाळेत शिकलो. म्हणून बहुतेक जण क्रियापद दिसलं की पूर्णविराम देतात. लिहिलेल्या मराठीत हे बऱ्यापैकी चालतं, बोललेल्या मराठीत फसतं. कारण बोलताना आपण क्रियापदानंतरही शब्द टाकतो. "पैसे दिलेच नाहीत त्याने शेवटपर्यंत." इथे "नाहीत" नंतर तोडलं तर "त्याने शेवटपर्यंत" पुढच्या वाक्याला जाऊन चिकटेल.

सगळ्यात धोक्याचे असतात वेळ आणि मुदत सांगणारे शब्द. हे बघा: "माल परत घेऊ तीस दिवसांत पैसे द्यावे लागतील". याचे दोन अर्थ होतात. "माल परत घेऊ. तीस दिवसांत पैसे द्यावे लागतील." किंवा "माल परत घेऊ तीस दिवसांत. पैसे द्यावे लागतील." पहिल्यात पैशाला मुदत आहे, दुसऱ्यात माल परत करायला. नुसतं वाचून हे कोणालाच ठरवता येणार नाही. रेकॉर्डिंग ऐकावंच लागतं. वाक्य संपताना आवाज खाली येतो आणि पुढचं सुरू होताना पुन्हा वर जातो. ती जागा सापडली की पूर्णविराम तिथे द्यायचा. नुसत्या थांबण्यावर जाऊ नका, माणूस शब्द आठवायलाही थांबतो. पण तेव्हा आवाज खाली येत नाही, तो मध्येच लटकलेला असतो.

दुसरी जागा "का" ची. "जीएसटी नंबर घ्यायचा का घ्यायचा तर कधी". हे "घ्यायचा का? घ्यायचा तर कधी?" असू शकतं, किंवा "घ्यायचा. का घ्यायचा? तर..." असंही असू शकतं. "नाही तर" चंही तसंच. "मी उधारी दिली नाही तर तो दुसरीकडे गेला" यात "नाही" नंतर स्वल्पविराम लागतो, कारण ही घडलेली गोष्ट आहे. "उधारी दिली नाही तर तो दुसरीकडे जाईल" ही अट आहे, इथे "नाही तर" एकत्र वाचायचं. पुढचं क्रियापद बघा. गेला की जाईल, त्यावरून कळतं.

तिसरी जागा दुसऱ्याच्या बोलण्याची. मराठीत आपण दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं बोलतो आणि "म्हणाला", "सांगतो", "असं", "म्हणे" हे शब्द बऱ्याचदा नंतर येतात. वाचणाऱ्याला वाक्य संपल्यावर कळतं की हे दुसऱ्याचं होतं. म्हणून माझी सवय अशी: आधी मजकुरात हे चार शब्द शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणाहून मागे जाऊन बघायचं की त्या माणसाचं बोलणं कुठे सुरू झालं. तिथे अवतरणचिन्ह उघडायचं. ट्रेनर, वकील, सीए यांच्या भाषणात तर हे हमखास करा, कारण हे लोक आधी चुकीची समजूत बोलून दाखवतात आणि मग ती खोडतात.

मोडीच्या वहीत काय होतं?

मोडीत लिहिलेला जुना दस्तऐवज कधी पाहिला असेल तर आठवा. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. आजची आपली इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हं मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचं नाव घेतलं जातं. म्हणजे आपला कच्चा ट्रान्स्क्रिप्ट दिसायला त्या कागदांसारखाच असतो.

पण आकड्यांच्या बाबतीत जुनी पद्धत पक्की होती. अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. जुन्या पंचांगात साडेतीन मुहूर्त "३॥ मुहूर्त" असे छापलेले दिसतात. वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचं, पण पाव-अर्धा-पाऊण नेमका दिसला पाहिजे. आपल्या तिसऱ्या फेरीचा विषय हाच आहे.

तिसरी फेरी: आकडे

आपण हिशोब बोलतो तो सव्वा, दीड, अडीच, साडे आणि पावणे यांच्यात. टाइप करणारी सोय यातला अर्धा भाग अंकात लिहिते आणि अर्धा अक्षरात. माझ्या मजकुरात "साडे 3 हजार", "सव्वा शे", "पावणे 2 लाख" असं सगळं होतं. घाईत वाचणारा "पावणे" सोडतो आणि २ लाख लक्षात ठेवतो. खरी रक्कम १,७५,००० आहे, म्हणजे २५,००० चा फरक.

"पावणे" पुढच्या आकड्यातून पाव कमी करतं, "सव्वा" पाव वाढवतं आणि "साडे" अर्धा वाढवतं. पण पाव कशाचा, तर पुढे जे एकक आहे त्याचा. पावणेदोनशे म्हणजे १७५, पावणेदोन हजार म्हणजे १,७५०, पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००. नुसतं "सव्वाशे" म्हणजे १२५ आणि "पाऊणशे" म्हणजे ७५. दीड आणि अडीच यांना साडे लागत नाही, म्हणून "साडे दोन" दिसलं तर थांबा आणि ऐका. बोलणारा बहुतेक "साडेदहा" म्हणाला असेल.

माझ्याच भाषणातला एक तुकडा घ्या. कच्चा मजकूर असा: "सूक्ष्म उद्योग म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी उलाढाल दहा कोटी मध्यम म्हणजे सव्वा शे कोटी आणि पाचशे कोटी". साफ केल्यावर: "सूक्ष्म उद्योग म्हणजे गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत, उलाढाल १० कोटींपर्यंत. मध्यम म्हणजे १२५ कोटी आणि ५०० कोटी." १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा याच आहेत. "पर्यंत" मी बोललो नव्हतो, पण त्याशिवाय अर्थ बिघडतो. म्हणून मूळ फाइलमध्ये तो [पर्यंत] असा चौकटी कंसात ठेवला आहे. आपण घातलेला शब्द कंसात, हा नियम मोडू नका.

जोडीने येणाऱ्या आकड्यांत पुन्हा गंमत आहे. "पन्नास साठ हजार" म्हणजे ५०,००० ते ६०,०००. कच्च्या मजकुरात ते "50 60000" असं आलं होतं. "दोन अडीच हजार" म्हणजे २,००० ते २,५००, आणि "दोन-तीनशे" म्हणजे २०० ते ३००. एकक शेवटी एकदाच बोललं जातं, पण ते दोन्ही आकड्यांना लागू असतं.

सगळेच आकडे अंकात लिहायचे नाहीत. "चार लोकांत बोलू नका", "दोन मिनिटं थांबा", "पाच-पंचवीस गिऱ्हाईकं" यात मोजणी नाही, बोलण्याची पद्धत आहे. तिथे अक्षरच ठेवा. माझी कसोटी साधी आहे: हा आकडा वाचणारा वहीत उतरवेल का? रक्कम, टक्के, दिवस, तारीख, वजन असेल तर अंक. नाहीतर अक्षर.

आणि ऐकू येण्यातली गल्लत वेगळीच. सात आणि साठ, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचवीस आणि पस्तीस. पंख्याच्या आवाजात हे सारखेच ऐकू येतात. अशा वेळी आसपासच्या हिशोबाने ताळा करा. मी म्हणालो होतो की "रोज चारशेची उधारी, महिन्याला बारा हजार". ४०० गुणिले ३० म्हणजे १२,०००, जुळलं. नाही जुळलं तर तो तुकडा हळू वेगाने तीनदा ऐका. तरीही नाही कळलं तर अंदाजाने आकडा भरू नका. [ऐकू येत नाही, १:०८:४५] असं लिहून पुढे जा.

बोलणाराच चुकला असेल तर?

दोन प्रकार असतात. मी एका ठिकाणी म्हणालो, "वस्तूंसाठी वीस, नाही नाही, चाळीस लाख." इथे बोलणाऱ्याने स्वतःच दुरुस्त केलं आहे. वाचायच्या प्रतीत फक्त ४० लाख ठेवा. आपल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा तीच आहे, सेवेसाठी २० लाख.

दुसरा प्रकार म्हणजे चूक झाली आणि ती लक्षातच आली नाही, किंवा तेव्हा बरोबर होतं आणि नंतर नियम बदलला. माझ्या जुन्या व्हिडिओत सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक १ कोटी सांगितली आहे. तेव्हा ते बरोबर होतं. अशा ठिकाणी आकडा गुपचूप बदलू नका. बोललेलं तसंच ठेवा आणि कंसात आजचा आकडा तारखेसह द्या. ट्रान्स्क्रिप्ट हा काय बोललं गेलं याचा कागद असतो. त्यात बदल केला तर पुढे वाद झाल्यावर तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

तपासणी आणि वेळ

शेवटी दोन तपासण्या करतो. पहिली आकड्यांची. कच्च्या प्रतीत एका परिच्छेदात किती आकडे आहेत ते मोजायचे आणि साफ प्रतीतले मोजायचे. कच्च्यात सात आणि साफ प्रतीत सहा असतील तर एक कुठे तरी पडला किंवा दोन आकडे एकमेकांत मिसळले. दुसरी तपासणी वाचनाची. ज्याने भाषण ऐकलेलं नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळून मागे जातो, तिथे चिन्ह चुकलेलं असतं. हे काम माझी बायको करते आणि तिला कुठलीही भीड नाही.

वेळ किती लागतो? मला दहा मिनिटांच्या भाषणाला साधारण एक तास लागला. सव्वादोन तासांच्या सेशनला तेरा-चौदा तास, म्हणजे दुकान बंद झाल्यावरचा एक आठवडा. एवढा वेळ नसेल तर सगळं भाषण देऊ नका. ज्या भागात रक्कम, मुदत आणि अट आहे तेवढाच भाग नीट साफ करून द्या आणि बाकीच्यासाठी रेकॉर्डिंग पाठवा. अर्धवट साफ केलेला मजकूर कच्च्यापेक्षा वाईट. कच्चा मजकूर बघून माणूस सावध होतो, पूर्णविराम दिसले की विश्वास ठेवतो.

त्या ताईंचं काय झालं? मी त्यांच्यासोबत हॉटेलवर गेलो. कलम १५ ची छापील प्रत आणि माझी चुकलेली पीडीएफ, दोन्ही नेल्या. मॅनेजरने ४५ दिवसांचा नवा कागद करून दिला, पण आधीच्या मालाचे पैसे त्यांना जुन्या तारखेलाच मिळाले. मधल्या काळात मिरचीसाठी त्यांनी घरातून उसने घेतले होते. नवा कागद करताना त्यांनी तो मॅनेजरसमोर मोठ्याने वाचला आणि एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "इथे पूर्णविराम द्या."